राउटरच्या सेटअप कार्डाचे मराठी भाषांतर हाती आहे, तरीही Internet चा दिवा ग्रीन होत नाही : काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

वायफाय राउटरच्या खोक्यात एक घडी घातलेले कार्ड असते. त्यावर चित्रांसह जोडणीच्या पायऱ्या छापलेल्या असतात. गेली काही वर्षे नात्यातील आणि ओळखीची माणसे मला त्या कार्डाचा फोटो काढून पाठवतात आणि मी त्याचे मराठी करून परत पाठवतो. सुरुवातीच्या काळात माझे भाषांतर वाचून जोडणी करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा राउटर सुरूच होत नसे. प्रत्यक्ष जाऊन पाहिल्यावर राउटर ठीक, तार ठीक आणि चूक माझ्या मराठीत, असे इतक्या वेळा आढळले की आता मी प्रथम भाषांतर तपासतो आणि राउटरला नंतर हात लावतो. पुढील क्रम त्याच अनुभवातून ठरला आहे. ज्याला वेळ आणि पैसा लागत नाही ते आधी, आणि जे केल्यावर परत फिरता येत नाही ते सर्वांत शेवटी, असा तो क्रम आहे.

लक्षणे

पुढीलपैकी एक किंवा अधिक गोष्टी दिसत असतील, तर हा मजकूर आपल्या उपयोगाचा आहे.

फोनवर राउटरचे वायफाय दिसते, जोडलेही जाते, पण त्याखाली इंटरनेट नसल्याची सूचना येते.

राउटरवरील Internet नावाचा दिवा ऑरेंज राहतो किंवा लागतच नाही. भाषांतरित कागदावर मात्र तो ‘पिवळा’ किंवा ‘लाल’ होईल असे काहीतरी लिहिलेले असते.

कागदावर ‘जोडणी बटण दाबा’ किंवा ‘पुन्हा सुरू करण्याचे बटण दाबा’ असे लिहिलेले असते, आणि राउटरवर त्या नावाचे कोणतेच बटण सापडत नाही.

कालपर्यंत चालू असलेले वायफाय कागदातील एखादी पायरी केल्यावर पूर्ण बंद पडते आणि त्याचे नाव बदलून राउटरच्या तळाच्या स्टिकरवरील मूळ नाव दिसू लागते.

यातील शेवटचे लक्षण सर्वांत महागाचे आहे, म्हणून ते दिसत असेल तर आणखी काहीही न दाबता थेट Reset विषयीचा भाग आधी वाचावा.

पहिली तपासणी : फोटोत पूर्ण कार्ड आले आहे का

ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि माझ्या अनुभवात ती वगळल्यामुळेच सर्वाधिक वेळ वाया जातो. मूळ कार्ड आणि त्याचा फोटो शेजारी ठेवून पाहावे. कार्डाच्या कडेला किंवा चित्राखाली बारीक अक्षरांत एक चौकट असते आणि फोटो काढताना नेमकी तीच कापली जाते. त्या चौकटीत बहुधा असे सांगितलेले असते की, इंटरनेटची तार मोडेममधून न येता थेट भिंतीतून येत असेल तर ती राउटरच्या Internet या खाचेत लावावी आणि मधल्या पायऱ्या सोडून पुढच्या पायरीवर जावे. ही चौकट गळली की वाचणारा मोडेम शोधत बसतो, किंवा दुसऱ्याच एखाद्या खोक्याला मोडेम समजून ते बंद करतो.

कार्ड उलटूनही पाहावे. दिव्यांच्या अर्थाचा तक्ता आणि अडचणींची प्रश्नोत्तरे बऱ्याच कार्डांवर मागच्या बाजूला असतात. फक्त पुढच्या बाजूचा फोटो आलेला असेल, तर भाषांतर करणाऱ्याला Internet चा दिवा ऑरेंज असण्याचा अर्थ ठाऊक होण्याची काही शक्यताच नसते आणि तो अंदाजाने ‘बिघाड’ असे लिहून मोकळा होतो.

फोटोविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. कार्डाचा फोटो चालतो, पण दिव्यांचा फोटो पुराव्यासाठी चालत नाही. लहान प्रखर दिव्याचा फोटो घेतला की त्याचा मधला भाग कॅमेऱ्यात पांढरा पडतो आणि कडेला राहिलेली रंगछटा खऱ्या रंगापेक्षा वेगळी दिसते. ऑरेंज पिवळट वाटतो, ग्रीन कधी निळसर वाटतो. शिवाय फोटोत लुकलुकणारा दिवा स्थिर किंवा बंद दिसू शकतो, कारण फोटो एकाच क्षणाचा असतो. म्हणून मी आता दिव्यांचा फोटो मागवत नाही. समोरच्या व्यक्तीला दिव्याकडे डोळ्यांनी पाहून, दहापर्यंत अंक मोजेपर्यंत थांबून, मग तो कसा आहे ते सांगण्याची विनंती करतो. व्हिडिओ पाठवणे त्यातल्या त्यात बरे.

दुसरी तपासणी : भाषांतरात बटणांची नावे बदलली आहेत का

येथेच खरी गोम आहे. राउटरच्या प्लास्टिकवर छापलेले Reset, WPS, WAN किंवा Power हे शब्द वाचणाऱ्याला त्यांचा अर्थ कळावा म्हणून कार्डात आलेले नसतात. कार्डावरचे नाव आणि प्लास्टिकवरचे नाव अक्षराला अक्षर जुळवता यावे, एवढेच त्यांचे काम असते. भाषांतरात त्यांचे मराठी केले की ती जुळणी तुटते. ज्यांना इंग्रजी अजिबात वाचता येत नाही, त्यांनाही अक्षरांचा आकार जुळवता येतो. ‘पुनर्स्थापना’ हा शब्द मात्र राउटरच्या पाठीवर कोठेही जुळत नाही. म्हणून माझा नियम असा की नाव जसेच्या तसे रोमन अक्षरांत ठेवावे, आणि मराठी करायचे ते क्रियेचे आणि वेळेचे करावे : दाबा, दाबून धरा, सोडा, इतके सेकंद थांबा.

या नियमाची किंमत मला एका प्रसंगात कळली. एका परिचित वृद्ध गृहस्थांच्या घरी राउटर चालू होता, फक्त एके दिवशी इंटरनेट अडखळत होते. त्यांच्याकडे कोणीतरी करून दिलेले मराठी कार्ड होते. मूळ कार्डात दोन वेगळ्या सूचना होत्या. पहिलीत, पान उघडत नसेल तर राउटर रीबूट करावा, म्हणजे वीज बंद करून थोड्या वेळाने पुन्हा द्यावी, असे होते. दुसरीत, लॉगिनचा पासवर्ड विसरला असेल तर टाचणीने Reset दाबून धरावे, म्हणजे राउटर कारखान्यातून आला तसा होईल, असे होते. मराठीत या दोन्ही ठिकाणी ‘राउटर पुन्हा सुरू करा’ हेच वाक्य आले होते. गृहस्थांनी दुसऱ्या वाक्याशेजारचे टाचणीचे चित्र पाहिले, ते अधिक नेमके वाटले, आणि त्यांनी टाचणी घालून बटण दाबून धरले. वायफायचे नाव गेले, पासवर्ड गेला आणि इंटरनेट पुरवठादाराने जोडणीच्या दिवशी भरून दिलेले युजरनेम व पासवर्डही गेले, जे त्यांच्याकडे कोठेच लिहून ठेवलेले नव्हते. अडखळणारे इंटरनेट पूर्ण बंद पडले.

त्यामुळे भाषांतरित कागद हातात घेतल्यावर पेन्सिलीने पुढील चार ठिकाणी खूण करावी.

Reset हा शब्द जेथे मूळ कार्डात आहे, तेथे मराठीतही Reset असाच असला पाहिजे आणि त्यापुढे ‘यामुळे सर्व सेटिंग्ज पुसल्या जातात’ असे वाक्य जोडलेले असले पाहिजे. मूळ कार्डात Reboot किंवा Restart असेल, तर तेथे ‘वीज बंद करून पुन्हा द्या’ अशी क्रिया लिहावी, ‘बटण’ हा शब्दच येऊ देऊ नये.

काही राउटरवर एकाच बटणावर WPS/Reset अशी दोन नावे असतात. तेथे थोडा वेळ दाबण्याचा अर्थ WPS, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण वायफायला जोडणे, आणि दाबून धरण्याचा अर्थ Reset असतो. हे सेकंद मॉडेलनुसार बदलतात, त्यामुळे कार्डावर छापलेला आकडा भाषांतरात जसाच्या तसा आला आहे का ते पाहावे. ‘थोडा वेळ’, ‘काही सेकंद’ अशी मोघम भाषा येथे चालत नाही.

Internet आणि WAN ही एकाच खाचेची दोन नावे आहेत. कार्डावर एक आणि राउटरवर दुसरे असेही होते. LAN किंवा Ethernet लिहिलेल्या खाचा मात्र घरातील संगणक, टीव्ही इत्यादींसाठी असतात. मराठीत या सगळ्यांना ‘नेटवर्क पोर्ट’ म्हटलेले मी पाहिले आहे, आणि मग तार कोठे लावायची हे चिठ्ठी टाकूनच ठरवावे लागते.

चौथी जागा पासवर्डची. कार्डात दोन पासवर्ड येतात. एक वायफायला जोडण्याचा, जो राउटरच्या तळाच्या स्टिकरवर छापलेला असतो. दुसरा राउटरच्या सेटिंगच्या पानात शिरण्याचा, जो नव्या राउटरमध्ये बहुधा आपणच पहिल्यांदा ठरवायचा असतो. दोन्हींना नुसते ‘पासवर्ड’ म्हटले तर वाचणारा स्टिकरवरचा आकडा चुकीच्या पानावर टाकत राहतो. त्यातच इंटरनेट पुरवठादाराने दिलेला तिसरा पासवर्ड मिसळला की मग घरात कोण काय बोलते आहे हे कोणालाच समजत नाही.

तिसरी तपासणी : दिव्यांचे रंग आणि त्यांची अवस्था

बटणाचे नाव रोमन अक्षरांत ठेवण्याचे कारण वर दिले. रंगाला ते कारण लागू नाही, कारण दिव्यावर रंगाचे नाव छापलेले नसते, त्यामुळे तो देवनागरीत लिहावा. अट एवढीच की रंग बदलता कामा नये. कार्डात ऑरेंज असेल तर ऑरेंज, अंबर असेल तर अंबर. अंबर म्हणजे पिवळ्या आणि नारिंगी यांच्या मधला रंग. त्याचे कोणी ‘पिवळा’ करतो, कोणी ‘केशरी’, कोणी ‘सोनेरी’. ‘पिवळा’ केल्याने विशेष घोटाळा होतो, कारण बऱ्याच राउटरच्या पाठीवर LAN च्या खाचा पिवळ्या प्लास्टिकच्या असतात, आणि ‘पिवळा असेल तर तार तपासा’ हे वाक्य वाचून माणूस पिवळ्या खाचांतील तारा उपटू लागतो. केवळ कल्पना करून मी हे लिहीत नाही.

रंगाइतकीच महत्त्वाची असते दिव्याची अवस्था. कार्डात तीन अवस्था असतात आणि त्यांना मराठीत कायम तीनच शब्द ठेवावेत : स्थिर, लुकलुकणारा आणि बंद. ‘चालू’ हा शब्द मी टाळतो, कारण लुकलुकणाऱ्या दिव्यालाही कोणी चालूच म्हणेल. वायफायच्या म्हणजे 2.4GHz आणि 5GHz या दिव्यांचे लुकलुकणे अनेक राउटरवर माहितीची ये-जा दाखवते, त्यामुळे ते बिघाडाचे चिन्ह नसते. Power चा दिवा लुकलुकणे हे बहुधा राउटर अजून सुरू होत असल्याचे चिन्ह असते. यासाठीच कार्डात एक ते दोन मिनिटे थांबण्याची सूचना असते आणि ती भाषांतरात हमखास गळते, कारण ती वाक्याच्या शेवटी येते. थांबण्याची वेळ गळाली की वाचणारा वीस सेकंदांत पुढची पायरी करतो, पान उघडत नाही, आणि तो वीज बंद-चालू करत राहतो.

आता Internet च्या ऑरेंज दिव्याविषयी. ज्या राउटरवर या दिव्यासाठी ग्रीन आणि ऑरेंज असे दोन रंग दिलेले असतात, तेथे साधारणपणे बंद म्हणजे खाचेत तार लागलेली नाही किंवा पलीकडचे उपकरण बंद आहे, ऑरेंज म्हणजे तार लागली आहे पण इंटरनेट पोहोचलेले नाही, आणि ग्रीन म्हणजे इंटरनेट पोहोचले. आपल्या कार्डाचा तक्ता वेगळे सांगत असेल तर अर्थातच तो खरा. परंतु हा अर्थ ध्यानात घेतला की एक मोठी भीती निघून जाते : सेटिंग भरण्यापूर्वी तो दिवा ऑरेंज असणे हा बिघाड नव्हे. ज्या जोडणीत युजरनेम आणि पासवर्ड भरावा लागतो, तेथे तो भरेपर्यंत दिवा ग्रीन होणारच नाही. अनेक जण याच टप्प्यावर थांबतात आणि राउटर बदलायला निघतात, म्हणून या एका ओळीला मी भाषांतरात अधोरेखित करतो.

चौथी तपासणी : तार आणि खाच

कागद दुरुस्त झाल्यावरच आता राउटरला हात लावावा. इंटरनेट आणणारी तार Internet किंवा WAN लिहिलेल्या खाचेत आहे का, हे अक्षरे वाचून पाहावे. खाचेच्या रंगावर विसंबू नये. तार आत ढकलताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि हलकेच ओढल्यास ती निघत नाही. टोकाची प्लास्टिकची जीभ तुटलेली असेल तर तार बसल्यासारखी दिसते पण सैल राहते, आणि मग राउटर हलवला की इंटरनेट जाते. घरात दुसरी तशीच तार असेल तर बदलून पाहावी. Internet चा दिवा ‘बंद’ वरून ऑरेंज झाला, तरी ती प्रगतीच आहे, कारण दोष तारेत होता आणि तो गेला.

तार चुकून LAN मध्ये गेली असेल तर लक्षण फसवे असते. वायफाय दिसते, फोन जोडला जातो, सगळे जागच्या जागी वाटते, फक्त Internet चा दिवा बंद असतो.

पाचवी तपासणी : सेटिंगचे पान उघडत नाही

कार्डात राउटरच्या सेटिंगच्या पानाचा पत्ता दिलेला असतो. तो कधी शब्दांत असतो, कधी पुढीलपैकी एखाद्या आकड्यांत.

```
http://192.168.0.1
http://192.168.1.1
```

हा पत्ता आपल्याच कार्डावरून किंवा स्टिकरवरून घ्यावा. तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाइप करावा. शोधाच्या चौकटीत टाकला तर फोन तो इंटरनेटवर शोधायला जातो आणि इंटरनेट तर अजून आलेलेच नसते. त्याहून अधिक वेळा अडते ते मोबाइल डेटामुळे. राउटरच्या वायफायवर इंटरनेट नाही हे फोनच्या लक्षात आले की तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि राउटरचे पान सापडत नाही. म्हणून या पायरीपुरता मोबाइल डेटा बंद ठेवावा, आणि इंटरनेट नसतानाही या वायफायवर राहायचे का असे फोनने विचारल्यास होय म्हणावे. कार्डात ही सूचना बहुधा नसते. मी ती भाषांतरात स्वतःची टीप म्हणून, वेगळ्या ओळीत, लिहितो. कार्डाच्या वाक्यात मिसळत नाही.

पान उघडल्यावर जे शब्द दिसतील, त्यांनाही बटणांचाच नियम लावावा. Next, Skip, Save ही नावे जशीच्या तशी ठेवावीत. जोडणीचा प्रकार निवडताना Dynamic IP आणि PPPoE असे पर्याय येतात. पुरवठादाराने युजरनेम व पासवर्ड दिला असेल तर PPPoE, दिला नसेल आणि तार लावताच इंटरनेट मिळत असेल तर Dynamic IP, हा ढोबळ ठोकताळा आहे. खात्री नसल्यास पुरवठादाराला विचारावे, कारण चुकीचा प्रकार निवडला तर राउटर काहीही तक्रार न करता Internet चा दिवा ऑरेंज ठेवून बसतो. शेवटी Save दाबले नाही आणि पान तसेच बंद केले, तर भरलेली माहिती जाते.

दुरुस्त केलेले भाषांतर कसे दिसते

वर सांगितलेल्या वृद्ध गृहस्थांसाठी मी नंतर कार्डाचे मराठी पुन्हा केले. त्यांच्या घरी वेगळे मोडेम होते आणि जोडणी PPPoE ची होती. आपले कार्ड निराळे असेल, परंतु नावे, रंग आणि वेळ कशी सांभाळली आहे ते पाहता यावे म्हणून ते येथे देतो.

१. मोडेमची वीज बंद करा. मोडेमला बॅकअप बॅटरी असेल तर तीही काढा.

२. तारेचे एक टोक मोडेमच्या LAN या खाचेत आणि दुसरे राउटरच्या Internet या खाचेत, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवा.

३. मोडेमची वीज सुरू करा आणि २ मिनिटे थांबा.

४. राउटरला त्याच्या खोक्यातील अडॅप्टर लावा. मागील Power On/Off हे बटण दाबा. २ मिनिटे थांबा.

५. दिवे पाहा. Power : ग्रीन, स्थिर. 2.4GHz आणि 5GHz : ग्रीन, स्थिर किंवा लुकलुकणारे. Internet : या पायरीवर ऑरेंज, स्थिर असला तरी पुढे जा. Internet बंद असेल तर पुढे जाऊ नका. पायरी २ पुन्हा करा.

६. फोनच्या वायफायच्या यादीत राउटरच्या तळाच्या स्टिकरवरील नाव निवडा. स्टिकरवरील वायफाय पासवर्ड टाका.

७. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत कार्डावरील पत्ता टाइप करा. राउटरच्या पानासाठी नवा लॉगिन पासवर्ड ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा.

८. PPPoE निवडा. पुरवठादाराने दिलेले युजरनेम आणि पासवर्ड भरा. Next दाबा, शेवटी Save दाबा.

९. Internet : ग्रीन, स्थिर झाला की जोडणी पूर्ण झाली.

त्या घरी पायरी ८ पर्यंत सर्व सुरळीत झाले, पण युजरनेम आणि पासवर्ड हरवलेले असल्यामुळे तेथे थांबावे लागले. पुरवठादाराला फोन करून ओळख पटवल्यावर त्यांनी युजरनेम सांगितले आणि नवा पासवर्ड दिला. तो भरला, तरी दिवा ऑरेंजच. मग लक्षात आले की फोनवर ऐकून लिहिताना मोठे ओ आणि शून्य यांची अदलाबदल झाली होती. मोठा आय, लहान एल आणि एक यांच्याबाबतीतही असेच होते, म्हणून पासवर्ड ऐकून लिहिताना प्रत्येक चिन्ह अंक आहे की अक्षर, आणि अक्षर असल्यास लहान की मोठे, हे विचारून घ्यावे. तो दुरुस्त केल्यावर मिनिटाभरात दिवा ग्रीन झाला. स्टिकरचा फोटो पाठवायचा असेल तर तो फक्त विश्वासाच्या माणसाला पाठवावा आणि काम झाल्यावर पुसावा, कारण त्यावर वायफायचा पासवर्ड असतो.

सर्वांत शेवटी : Reset

येथपर्यंत येऊनही राउटरच्या पानात शिरता येत नसेल, उदाहरणार्थ राउटर जुना असेल आणि त्याचा लॉगिन पासवर्ड कोणालाच आठवत नसेल, तरच Reset चा विचार करावा. त्याआधी दोन गोष्टी हातात असल्या पाहिजेत : पुरवठादाराचे युजरनेम व पासवर्ड, आणि तळाच्या स्टिकरवरील वाचता येणारा वायफाय पासवर्ड. स्टिकर झिजलेला असेल तर Reset करू नये, कारण नंतर ज्या पासवर्डाची गरज पडेल तो तेथेच छापलेला आहे.

राउटर चालू असतानाच टाचणीने किंवा सरळ केलेल्या पेपरक्लिपने Reset दाबून धरावे, कार्डातील सेकंद मोजावेत, दिवे बदलल्याचे दिसल्यावर सोडावे आणि राउटर पुन्हा पूर्ण सुरू होईपर्यंत वीज बंद करू नये. त्यानंतर पायरी ५ पासून पुन्हा सुरुवात करावी. एकदा नीट Reset करूनही तोच दोष राहिला, तर दुसऱ्यांदा करून काही हाती लागत नाही.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

घरात फायबर येत असेल तर राउटरच्या आधी पुरवठादाराचे एक खोके असते, किंवा राउटर आणि ते खोके एकच असते. त्यावर PON आणि LOS असे दिवे असतात. LOS रेड झाला, लुकलुकणारा असो वा स्थिर, की प्रकाशाचा संकेत त्या खोक्यापर्यंत पोहोचत नाही, आणि त्यावर घरात बसून कोणतेही भाषांतर किंवा बटण उपयोगी पडत नाही. फायबरची बारीक तार कोठे टोकदार मुडपली आहे का एवढे पाहावे. ती उपटून तिच्या टोकात डोकावू नये, कारण त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी तो डोळ्यांना इजा करू शकतो. येथे पुरवठादाराच्या तंत्रज्ञालाच बोलवावे.

या फायबरच्या खोक्यावर Reset लिहिलेले असेल तर ते कोणत्याही परिस्थितीत दाबू नये. त्यात पुरवठादाराने भरलेल्या सेटिंग्ज असतात आणि त्या आपल्याला परत भरता येतीलच असे नाही. भाषांतरित कार्ड आपल्या राउटरचे असते, त्या खोक्याचे नसते. दोन्हींवर तोच शब्द छापलेला असल्यामुळे ही चूक सहज होते.

अडॅप्टर हात लावता येणार नाही इतका तापत असेल, जळका वास येत असेल किंवा Power चा दिवा लागतच नसेल, तर अडॅप्टर काढून ठेवावा आणि राउटर न उघडता दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा. दुसऱ्या कोणत्या उपकरणाचा अडॅप्टर बसतो म्हणून लावून पाहू नये. पिन सारखी असली तरी व्होल्ट वेगळे असू शकतात.

तार बदलूनही Internet चा दिवा बंदच राहिला, किंवा युजरनेम-पासवर्ड अक्षर न् अक्षर तपासूनही पुरवठादाराकडून नाकारला जात असेल, तर तेही आपल्या हातातील काम नाही. फोन करताना ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगितले तर पलीकडून वीज बंद-चालू करण्याचा सल्ला मिळतो आणि पंधरा मिनिटे जातात. त्याऐवजी प्रत्येक दिव्याचे छापलेले नाव, त्याचा रंग आणि त्याची अवस्था याच क्रमाने वाचून दाखवावी : Power ग्रीन स्थिर, Internet ऑरेंज स्थिर, PON ग्रीन स्थिर, LOS बंद. त्यापुढे तार बदलून पाहिली आहे की नाही आणि Reset केले आहे की नाही, हे सांगावे. एवढ्यावरून दोष घरातील राउटरमध्ये आहे, खात्यात आहे की बाहेरच्या फायबरमध्ये आहे, याचा अंदाज त्यांना बहुतेक वेळा फोनवरच येतो.